गच्चीवर इन्सुलेशन बोर्ड: ७९ पुरतील की ८८ लागतील? कडेचं ओव्हरलॅप आणि कटिंग धरून हिशोब बघून द्या

गच्चीखालचा
मंडळी, वरच्या मजल्यावर राहतो, दुपारनंतर छत अक्षरशः तव्यासारखं तापतं म्हणून गच्चीवर ५० मिमीचे एक्सपीएस बोर्ड टाकून वर कोबा करायचं ठरवलंय. वॉटरप्रूफिंग झालंय, पाणी भरून टेस्टही झाली. आता अडलंय ते बोर्डांच्या संख्येवर.
गच्ची भिंतीपासून भिंतीपर्यंत ९.४० मीटर बाय ६.५० मीटर, साधा आयत. बोर्ड मी टेप लावून मोजला, १२६५ बाय ६१५ मिमी. भागाकार केला तर ७८.५ येतात म्हणजे ७९. काम करणारा म्हणतो ८८ आणा. विचारलं की नऊ बोर्ड कुठे जाणार तर म्हणे कटिंगमध्ये जातात आणि कडेला ओव्हरलॅप असतं. नऊ बोर्ड म्हणजे जवळजवळ सात चौरस मीटर माल, तो हवेत जातो का? मी चुकतोय की तो फुगवून सांगतोय?

खटपट्या
यात एवढं काय, क्षेत्रफळ भागिले बोर्ड अधिक दहा टक्के. तुमचे ७८.५ आणि त्यावर दहा टक्के म्हणजे ८६.४, ८७ घ्या आणि मोकळे व्हा. टाइल्स असोत, प्लायवूड असो, मी सगळीकडे दहा टक्केच धरतो आणि कधी अडलेलं नाही.

शेवंता
दहा टक्क्यांत नाही भागणार हो. ओव्हरलॅप १० सेंटीमीटर धरावं लागतं, आमच्या गच्चीवर तसंच केलं होतं, एका पट्टीवर दुसरी पट्टी १० सेंटीमीटर चढवून. मग एक बोर्ड झाकणार ११६५ बाय ५१५ एवढंच. मला १०२ येतायत. कमी आणलेत तर अर्ध्यात काम थांबेल.

मोजपट्टी
शेवंताताई, तुमच्याकडे झालं ते मेम्ब्रेन असणार, ते गुंडाळीत येतं आणि एकावर एक १० सेंटीमीटर चढवून चिकटवतात. बोर्ड एकमेकांवर चढवायचे नसतात, चढवले तर प्रत्येक जोडावर पाच सेंटीमीटरचा उंचवटा येईल आणि वरचा कोबा कसा धरणार? बोर्डाच्या कडेला अर्ध्या जाडीची खाच असते, त्यामुळे एका बाजूला वरचा ओठ पुढे आलेला आणि समोरच्या बाजूला खालचा. शेजारच्या बोर्डाचा ओठ त्यात बसतो, जाडी तेवढीच राहते. ओव्हरलॅप म्हणजे हा १५ मिमीचा ओठ, बाकी काही नाही.

आता मूळ प्रश्न. गच्चीखालचा, तुमची पहिली चूक इथेच आहे. तुम्ही ओठासकट मोजलंत. १२६५ मधले १५ आणि ६१५ मधले १५ शेजारच्या बोर्डाच्या खाली किंवा वर जातात, ते झाकण्यात धरायचेच नाहीत. बोर्ड झाकतो १२५० बाय ६००, म्हणजे बरोबर ०.७५ चौरस मीटर. ६१.१ भागिले ०.७५ केलं की ८१.५, म्हणजे ७९ चे ८२ झाले, आणि अजून एकही काप मारलेला नाही.

पण क्षेत्रफळाचा हिशोब खरा कधी, तर उरलेले तुकडे वितळवून नवा बोर्ड ओतता आला तर. तसं होत नाही. म्हणून ओळी मोजायच्या. लांबीच्या दिशेने ओळ लावली तर ९.४० मध्ये सात अख्खे बसतात, ८.७५ झालं, उरलं ६५ सेंमी. आठवा बोर्ड कापून ६५ लावलात, हातात ६० चा तुकडा राहिला. तो पुढच्या ओळीच्या सुरुवातीला लावायचा, म्हणजे जोडही एकासमोर एक येत नाहीत. ६० अधिक सात अख्खे म्हणजे ९.३५. आणि इथे घात होतो, पाच सेंटीमीटर कमी पडले. त्या पाच सेंटीमीटरसाठी अजून एक बोर्ड कापायचा. म्हणजे दोन ओळींना १६. रुंदीत ६.५० मध्ये दहा अख्ख्या ओळी आणि एक ५० सेंमीची, अशा अकरा. दहा ओळींचे ८० आणि अकरावीचे ८. झाले ८८.

तुमच्या माणसाने फुगवून सांगितलेलं नाही, त्याने ओळी मोजल्यात. पण मला एक सांगा, ९.४० हे माप तुम्ही कुठे घेतलंत? भिंतीच्या प्लास्टरपासून? खाली कोपऱ्यात सिमेंटची गोलाई आहे की नाही, मिस्त्री लोक वाटा म्हणतात ती?

गच्चीखालचा
आहे ना, वॉटरप्रूफिंगवाल्यांनी चारही बाजूंनी मारलीय. मी कमरेच्या उंचीवर भिंत ते भिंत मोजलं, वाकायचा कंटाळा 😅

मोजपट्टी
मग वाका. गोलाई संपते तिथपासून समोरची गोलाई सुरू होते तिथपर्यंत, आणि एका जागी नाही, दोन्ही टोकांना आणि मध्ये. पॅरापेट कधीच काटकोनात नसतो.

खटपट्या
थांबा थांबा, पाच सेंटीमीटरसाठी अख्खा बोर्ड का जाईल? एका बोर्डातून पाच पाच सेंमीच्या पंचवीस पट्ट्या निघतात. सगळ्या ओळींची टोकं एका बोर्डात भागली. हे ८८ वगैरे कागदावरचं आहे.

मोजपट्टी
पट्ट्या निघतात हे खरं आहे, तुमचं गणित चुकीचं नाही. पण त्या पंचवीस पट्ट्यांपैकी ओठ किती जणींना? टोकाच्या दोघींना, आणि त्यातली एकच तुमच्या बाजूला जुळणारी. बाकीच्या नुसत्या चौकोनी काड्या, त्यांच्या शेजारच्या बोर्डाचा ओठ कापून त्या सपाट टेकवाव्या लागतील. आणि त्या बसणार कुठे, तर पॅरापेटच्या अगदी कडेला, जिथे बोर्डाखाली गोलाईमुळे जागा सपाट नाही. वर कोबा ओतताना घमेलं जरी तिथे टेकलं तरी काडी कलते, मग कोब्याची जाडी तिथे कमी जास्त होते आणि चीर पडते ती नेमकी कडेने. मी तीस सेंटीमीटरपेक्षा लहान तुकडा कडेला ठेवत नाही, नाइलाज असेल तर वीस.

रेघोटी
मध्येच घुसते, पण खटपट्यांच्या दहा टक्क्यांवर माझा अनुभव. आमची जिन्याजवळ एक छोटी खोली आहे तिचं छत ३.८५ बाय १.८५. मीही असंच क्षेत्रफळ काढलं, ०.७५ ने भागलं, साडेनऊ, वर दहा टक्के, अकरा बोर्ड आणले. रुंदीत तीन ओळी १.८० पर्यंत गेल्या आणि पाच सेंमीची चौथी ओळ उरली, लांबीत तीन बोर्ड ३.७५ पर्यंत गेले आणि दहा सेंमी उरले. दोन्हीकडून मार. शेवटी चौथी ओळ केलीच नाही, तिथे नुसता कोबा आहे आणि खाली छताच्या त्याच बाजूला हात लावला की गरम लागतं. छत छोटं असलं की टक्के वगैरे काही खरं नसतं.

खटपट्या
बरं बाबा, दहा टक्के मोठ्या गच्चीला. मागे घेतो.

गच्चीखालचा
वाकून आलो. गोलाई ते गोलाई, एका टोकाला ९.३०, मध्ये ९.३२, दुसऱ्या टोकाला ९.३५. रुंदी सगळीकडे ६.४०, एखादा सेंमी इकडेतिकडे. पाच सेंटीमीटरने तिरकी निघाली गच्ची, वीस वर्षं राहतोय आणि आज कळलं.

मोजपट्टी
वा, मग चित्रच बदललं. ९.३० ची ओळ धरा. सात अख्खे ८.७५, उरले ५५ सेंमी, आठवा बोर्ड कापला, हातात ७० चा तुकडा. दुसरी ओळ ७० ने सुरू, सहा अख्खे, झाले ८.२०, उरले १.१०, ते एका बोर्डातून कापायचे आणि १५ सेंमीचा तुकडा फेकायचा. दोन ओळींत १५ बोर्ड झाले, १६ नाही. जोडही ५५ सेंमीने सरकलेले, उत्तम.
९.३५ च्या टोकालाही हेच चालतं, फक्त शेवटी १५ ऐवजी ५ सेंमी उरतील. म्हणजे पुरतं, पण जेमतेम.
दहा ओळी म्हणजे पाच जोड्या, ७५ बोर्ड. अकरावी ओळ ६.०० ते ६.४०, म्हणजे ४० सेंमी रुंदीची, तिला आठ बोर्ड उभे चिरायचे. एकूण ८३.

तुकडा कुठला कुठे जातो हे मात्र लक्षात ठेवा. ओळीच्या शेवटी बोर्ड कापला की त्याचा डावा भाग तिथेच लागतो, कारण त्याचा डावा ओठ आधीच्या बोर्डात बसतो. उजवा भाग पुढच्या ओळीच्या सुरुवातीला जातो, कापलेली बाजू पॅरापेटकडे आणि कंपनीचा ओठ आतल्या बाजूला. हा क्रम पाळला तर तुकडे आपोआप जुळतात. कामगार तुकड्यांचा ढीग करून नंतर हाताला लागेल तो घेतात आणि मग ओठावर ओठ येतो, बोर्ड वर उचलला जातो, मग तो ओठ कापून टाकतात, आणि मग तुमच्या पैशाच्या ओव्हरलॅपचा उपयोग शून्य.

भिंगरी
मला वाटतं ओळी रुंदीच्या दिशेने लावून बघा ना, कदाचित कमी लागतील? ६.४० मध्ये पाच अख्खे आणि...

मोजपट्टी
...आणि १५ सेंमी 🙂 प्रत्येक ओळीला. ६.२५ वर पाच संपतात. तो लहान तुकडा टाळायचा तर दोन्ही टोकांना कापायला लागतं आणि ओळी सोळा होतात, शेवटची निम्म्या रुंदीची. करून बघितलं, ८३ पेक्षा फार खाली येत नाही आणि काप मात्र खूप वाढतात. पण दोन्ही दिशा कागदावर मोजायची सवय चांगली आहे, कधीकधी पाच सहा बोर्डांचा फरक पडतो.

भिंगरी
अजून एक, तुकडा उलटा करून नाही का बसवता येत? दोन्ही बाजू तर सारख्याच दिसतात. मग डावा उजवा भानगड नको.

मोजपट्टी
हे सगळ्यांना सुचतं, मलाही सुचलं होतं. बोर्ड पोळीसारखा डावीउजवीकडून पलटलात तर टोकाचे ओठ जुळतात, खरंच. पण त्याच वेळी लांब बाजूचा वरचा ओठ खाली गेला, म्हणजे शेजारच्या ओळीशी बिघडलं. एक बाजू जुळवली की दुसरी रुसते. एक बोर्ड हातात घेऊन फिरवून बघ, कुठल्याच तऱ्हेने चारही बाजू जुळत नाहीत.

कोयंडा
सगळं वाचलं. ८३ कोणी सुटे देणार आहे का? ५० मिमीचे बोर्ड आमच्याकडे आले ते आठच्या पॅकमध्ये आले होते. ८३ म्हणजे ११ पॅक म्हणजे ८८. झालं, पुन्हा ८८ वरच आलात, एवढं वाकून काय मिळालं? 😂

गच्चीखालचा
अरे देवा. हो, आठचाच पॅक आहे, वर ६.०० चौमी असं छापलंय.

मोजपट्टी
६.०० छापलंय म्हणजे त्यांनी झाकणारं माप दिलंय, ०.७५ गुणिले आठ. ६.२२ छापलं असतं तर ते ओठासकट. पॅकवरचा आकडा बघताना हे आधी तपासायचं, नाहीतर तुमच्यासारखीच चूक पॅकच्या संख्येत होते.
आणि फरक आहे हो कोयंडा. भिंत ते भिंत मापाने ८८ लागले असते ते शेवटच्या तुकड्यापर्यंत, एक कोपरा तुटला तरी बारावा पॅक. आता ८८ मध्ये पाच जास्तीचे आहेत.

कोयंडा
मला दहाच पॅकमध्ये बसवायचंय, डोक्यात किडा शिरलाय. अकरावी ओळ बघा. ४० सेंमीची ओळ करायला बोर्ड चिरला की २० ची पट्टी उरते. दोन पट्ट्या शेजारी ठेवल्या की परत ४०! आठ बोर्ड कशाला? पाच बोर्ड चिरा, पाच तुकडे ४० चे आणि पाच पट्ट्या २० च्या. चार पट्ट्यांचे दोन तुकडे झाले, पाचवी मधून मोडली की अर्धा. साडेसात बोर्डांची लांबी म्हणजे ९.३७५, तुमचं जास्तीत जास्त माप ९.३५. बसलं! ७५ अधिक ५, ८० बोर्ड, बरोबर दहा पॅक.

खटपट्या
हे मला आवडलं. मानलं.

गच्चीखालचा
मोजपट्टी, हे चालेल?

मोजपट्टी
गणिताला तोड नाही, पण दोन गोष्टी. एक, दोन पट्ट्यांच्या मधला जोड ओठाशिवायचा, सपाट. तो टेपने बंद करावा लागेल, नाहीतर कोब्याचं पाणी आणि सिमेंट त्यात उतरतं आणि तिथे कडक काँक्रीटची रेघ तयार होते, तिच्यातून उष्णता सरळ खाली. वीस सेंमीच्या पट्ट्या मी नाइलाज म्हणालो होतो, इथे त्या कडेला येतायत.
दुसरं, अडीच सेंटीमीटर शिल्लक धरून तुम्ही ८० बोर्ड गच्चीवर चढवणार. खांद्यावरून जिना चढताना ओठ तुटतात, सगळ्यात आधी कोपऱ्यातलेच. एक तुटला की संपलं.

रेघोटी
आणि त्या २० च्या पट्ट्या मला वाटतं दुसरीकडे लागतील. बोर्ड गोलाईच्या पायाशी थांबवलेत ना, मग बोर्डाची उभी कड आणि भिंत यांच्यामध्ये चारही बाजूंनी त्रिकोणी फट राहते. ती कशाने भरणार? नुसता कोबा गेला तर माझ्या खोलीसारखं होईल, कडेने गरम पट्टा. मी परत करायचं म्हटलं तर त्याच पट्ट्यांना तिरकं कापून त्रिकोणी काड्या करेन आणि फटीत बसवेन.

कोयंडा
त्यापेक्षा फोमचा डबा फवारा, दहा मिनिटांचं काम.

मोजपट्टी
रेघोटी बरोबर बोलतायत. परिमिती जवळपास ३२ मीटर, आणि वीस सेंमीच्या एका पट्टीतून तिरके काप मारून सहा काड्या जरी नीट निघाल्या तरी साडेसात मीटर झालं. पाच पट्ट्या पुरतात. म्हणजे आठ बोर्ड चिरले तर आठ पट्ट्या मिळतात आणि त्यातल्या पाच कामाला लागतात, वाया गेल्याच नाहीत. फोमनेही भागतं, पण फोम फुगतो, वर आला तर कोब्याच्या आधी छाटावा लागतो.
काहीजण बोर्डाची खालची कड तिरकी कापून भिंतीपर्यंत नेतात. ते सगळ्यात चांगलं दिसतं, पण मग लांबी परत ९.४० आणि पाच सेंमीचा घोळ परत आला.

खटपट्या
मला अजूनही वाटतं कडेच्या पाच सेंटीमीटरने खोलीत काय फरक पडणार, भिंत तशीही तापते. पॅरापेटमधून उष्णता येतेच ना खाली.

मोजपट्टी
येते, नाकारत नाही. पॅरापेटच्या आतल्या बाजूलाही बोर्ड चढवला तर कमी होते, पण तो वेगळा खर्च. किती फरक पडेल हे तुमच्या भिंतीवर अवलंबून, यावर मी आकडा फेकणार नाही.

शेवंता
आउटलेट आणि टाकीचे खांब वजा करायचे राहिले का? चार खांब आणि दोन पाइप, तेवढे बोर्ड कमी.

मोजपट्टी
नाही कमी होत ताई. खांब बोर्डाच्या मधोमध येतो, बोर्ड अख्खाच लागतो, त्यातून भोक कापून काढायचं. मोठी जागा असेल, जिन्याची खोली वगैरे, तर त्या ओळी वेगळ्या मोजायच्या. हातभर खांबांसाठी काही वजा करू नका. उलट अशा कापाकापीत एखादा बोर्ड मोडतो.

गच्चीखालचा
अकरा पॅक आणले. कोयंडा, माफ करा, हिंमत झाली नाही. आज दोन ओळी नुसत्या सुक्या मांडून बघितल्या. आनंदाची बातमी, दुसऱ्या ओळीच्या शेवटी १५ चा तुकडा उरायला हवा होता तो १८ सेंमीचा उरला! म्हणजे बोर्ड जरा मोठेच आलेत, फायद्यात आहोत.

मोजपट्टी
फायद्यात नाही आहात. बोर्ड कारखान्यातून एकाच मापाचे कापून येतात. तुकडा हिशोबापेक्षा मोठा उरला म्हणजे ओळ कुठेतरी ताणली गेली आहे, म्हणजे जोड उघडे आहेत. दोन ओळींत चौदा जोड, प्रत्येकी दोन मिमी धरले की तीन सेंमी झालेच. ओठ पूर्ण आत गेलेले नाहीत. खाचेत खडी किंवा कापताना उडालेला भुसा अडकलाय का बघा, झाडून घ्या, आणि लाकडाचा ठोकळा मध्ये धरून हातोडीने हळू ठोका, थेट बोर्डावर नको.

गच्चीखालचा
भुसाच होता, करवतीने कापलेला सगळा खाचेत. झाडून ठोकून बसवले. आता तुकडा साडेचौदाचा.

मोजपट्टी
अर्धा सेंमी करवतीने खाल्ला. बरोबर बसलंय, पुढच्या ओळीला लागा. आणि बोर्ड उन्हात उघडे ठेवू नका फार दिवस, वरून पिवळे पडून भुकटी सुटते.

कोयंडा
अकराव्या ओळीपाशी पोचलात की सांगा, पट्ट्यांचा प्रयोग तिथे एकदा मांडून तरी बघा. तीन बोर्ड वाचले तर मला द्या.

गच्चीखालचा
आठव्या ओळीपर्यंत आलोय, दोन बोर्डांचे कोपरे जिन्यात गेले. तिसरा गेला नाही तर बघू.